कॉलनीच्या ग्रुपवर पुराची पातळी दिसली पाहिजे

आपल्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधील सर्व सभासदांस,

सप्रेम नमस्कार.

ग्रुपवर लांब मेसेज टाकला की त्याची पहिली दोन वाक्यं वाचली जातात आणि उरलेलं ‘अधिक वाचा’च्या खाली राहतं. म्हणून हे खुलं पत्र. शिवाय हा प्रश्न एकट्या आपल्या कॉलनीचा नाही. कोल्हापुरातल्या कितीतरी गल्ल्या, अपार्टमेंट आणि तालीम मंडळांच्या ग्रुपवर तो आहे, त्यामुळे बाहेरच्या कोणी वाचलं तरी माझी हरकत नाही.

आपला ग्रुप सुरू झाला ऑगस्ट २०१९ च्या महापुरात. त्या दिवसांत दोनच प्रश्न होते. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे, आणि टँकर कुठे येणार आहे. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आपल्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ झालं होतं. उपसा केंद्रं पाण्याखाली गेल्यामुळे शहराला पुराने वेढलं असताना नळाला मात्र थेंब नव्हता. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झालं. दोन्ही वेळा पाणी ५० फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला आणि दुधाची गाडी शहरात येईना. त्या काळात ग्रुपवर कोणाचा धर्म, कोणाचा पक्ष हा विषयच नव्हता. कोणाकडे गॅसची भरलेली टाकी आहे, कोणाच्या गच्चीवर चार माणसं झोपू शकतील, कोणाच्या आईची इन्सुलिन संपली आहे, एवढंच चालायचं.

आता गेल्या जुलैतली रात्र आठवा. बंधाऱ्यावर पातळी ३८ फुटांवर होती आणि वरच्या बाजूला पाऊस थांबत नव्हता. पावणेदहाच्या सुमारास एका सभासदाने एक व्हिडिओ टाकला. मिरवणुकीत दोन गटांची मारामारी, आणि खाली ओळ, ‘आज तिथे, उद्या आपल्या दारात. जागे व्हा.’ ठिकाण दिलेलं नाही, तारीख नाही. मेसेजच्या डोक्यावर ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असा दुहेरी बाण. पाच मिनिटांत त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या बाजूचा व्हिडिओ आला, तोही तसाच. मग कोणीतरी एका पक्षाचं नाव घेतलं, मग दुसऱ्याचं, मग २० वर्षांपूर्वीचं काहीतरी उकरलं गेलं. अकरापर्यंत शंभरावर मेसेज झाले होते.

त्या शंभरात एक मेसेज वेगळा होता. ‘राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडायला सुरुवात झाली आहे. खालच्या गल्लीने गाड्या काढून ठेवा.’ तो दहा वाजून काही मिनिटांनी आला होता. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येतं. ते पंचगंगेत येऊन बंधाऱ्यापर्यंत पोचायला काही तास लागतात. तेच तास आपल्या हातात असतात. त्या रात्री तो मेसेज तीन मिनिटं स्क्रीनवर राहिला आणि भांडणात वर सरकून गेला. सकाळी सहाला खालच्या गल्लीतल्या एका वहिनींनी विचारलं, ‘दरवाजे उघडले का हो?’

आणखी एक गोष्ट त्या रात्री झाली, जी तुमच्यापैकी कोणाला दिसली नाही. एक घर ग्रुपमधून बाहेर पडलं. २०२२ पासून व्हॉट्सॲपवर कोणी ग्रुप सोडला तर त्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते, बाकीच्यांच्या स्क्रीनवर काही येत नाही. मला ती सूचना सव्वाअकराला आली. ते घर नाल्याच्या बाजूचं आहे. आपल्या कॉलनीत पाणी शिरतं ते सगळ्यांत आधी त्यांच्या अंगणात. त्या कुटुंबाला मी फोन करून दरवाज्यांची बातमी दिली. ‘ताई, पाण्याचं तेवढं फोनवर कळवत जा. ग्रुपवर आम्हाला नको,’ एवढंच ते म्हणाले. ते घर कोणत्या जातीचं, कोणत्या धर्माचं, हे मी सांगणार नाही. ते कळलं की आपण लगेच त्या घराची बाजू घ्यायची की नाही हे ठरवायला लागू.

आपल्या ग्रुपचा नियम पहिल्या दिवसापासून वर्णनात लिहिलेला आहे, पण ग्रुपचं नाव दाबून तो उघडून पाहणारे थोडेच असतील. म्हणून इथे पुन्हा देते. ‘हा ग्रुप कॉलनीतल्या कामांसाठी आहे. धार्मिक वा राजकीय वाद, कोणत्याही समाजाबद्दल टीका, प्रचार आणि असे फॉरवर्ड इथे टाकू नयेत. टाकल्यास ॲडमिन काढतील.’ एवढाच. नवीन काही नाही. त्याचा अर्थ आम्ही तिघं ॲडमिन कसा लावतो हे मात्र नीट सांगायला हवं, कारण नाराजी तिथेच होते.

मेसेज काढला की पहिला प्रश्न येतो, ‘पण ते खरं आहे, मग का काढलं?’ तो खरा आहे की खोटा, हे आम्ही पाहतच नाही. मुद्दाम पाहत नाही. आम्ही जर खऱ्या-खोट्याचा निवाडा करायला बसलो, तर रात्री अकराला एका व्हिडिओमागे कोणत्या शहरातली बातमी, कोणत्या वर्षातली, कोणी आधी दगड मारला, हे शोधत बसावं लागेल. ते काम आमचं नाही आणि आम्हाला जमणारही नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे ज्याचा मेसेज खोटा ठरवला तो म्हणणार, यांनी आमच्या बाजूचं खोटं पाडलं. म्हणून आम्ही एकच पाहतो. या मेसेजचा आपल्या कॉलनीशी संबंध आहे का? त्यात आपल्या इथली जागा आहे का, वेळ आहे का, आणि वाचणाऱ्याने काय करायचं ते आहे का? शंभर टक्के खरी असलेली, वर्तमानपत्रात छापून आलेली दुसऱ्या राज्यातल्या दंगलीची बातमीही या ग्रुपवर बसत नाही. ती वाचायला प्रत्येकाकडे पेपर आहे, टीव्ही आहे.

ही कसोटी लावली की निम्मे वाद उद्भवतच नाहीत, पण काही जागा अशा आहेत जिथे आम्हालाही थांबून विचार करावा लागतो.

आवाजाचं घ्या. डॉल्बीची तक्रार ग्रुपवर करता येईल का? येईल. ‘रात्रीचे साडेदहा झालेत, चौकातला डॉल्बी अजून चालू आहे, घरात आजारी माणूस आहे, मंडळाच्या कोणाचा नंबर आहे का?’ हा अगदी ग्रुपचा मेसेज. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती गणपतीच्या मांडवाला आहे, भोंग्याला आहे, लग्नाच्या वरातीला आहे आणि उमेदवाराच्या विजयी मिरवणुकीलाही आहे. तक्रार आवाजाची आहे तोवर ती राहील. ‘यांना कोणी काही बोलत नाही, आमच्याच सणांवर नियम’ हे वाक्य जोडलं की तक्रार आवाजाची राहत नाही, एका समाजाची होते. तेव्हा आम्ही ती काढू आणि फोन करून सांगू की शेवटचं वाक्य वगळून पुन्हा टाका. ते पुन्हा टाकलं तर तुमच्याबरोबर ११२ ला फोन करायला आम्हीही आहोत.

नगरसेवकाचं, आमदाराचं तसंच. ‘उद्यापासून ड्रेनेजची लाईन खोदणार आहेत, गाड्या आत लावू नका’ हे हवंच आहे. त्याच कामाचा फोटो, त्यावर नेत्याचं मोठं चित्र आणि ‘कार्यसम्राट’ अशी पट्टी, हे नको. काम त्याच माणसाने केलं असेल, तरीही नको. निवडणुकीच्या दिवसांत यादीत नाव कुठे पाहायचं, मतदान केंद्र कोणत्या शाळेत आहे, हे टाका. मत कोणाला द्यायचं ते टाकू नका.

सणांच्या शुभेच्छांवर आमच्यात बराच खल झाला. एका ॲडमिनचं मत होतं की त्याही बंद कराव्यात. मला ते पटलं नाही. गणपती आणि मोहरमचे पंजे एकाच मांडवात बसलेले आपण याच शहरातल्या तालमींत पाहिलेत. ईदला शिरखुर्मा आणि दिवाळीला फराळाचं ताट आपल्या जिन्यांतून वर-खाली होत असतं. अशा ठिकाणी शुभेच्छा बंद करणं मला कोरडेपणाचं वाटतं. तेव्हा शुभेच्छा राहतील, सगळ्यांच्या सगळ्या सणांच्या. मात्र शुभेच्छेच्या आड टोमणा नको. ‘अमुक सण फटाक्यांशिवाय करा म्हणणाऱ्यांना या शुभेच्छा’ ही शुभेच्छा नाही.

आता त्या मेसेजबद्दल लिहिते ज्यांची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. त्यांत शिवी नसते, व्हिडिओ नसतो, भडक शब्द नसतो. भाजीवाल्याची गाडी दारात येते आणि ग्रुपवर कोणी लिहितं, ‘हा कोण आहे? नाव विचारा. आपल्या माणसाकडूनच घ्या.’ किंवा, ‘वरचा फ्लॅट भाड्याने देणे आहे, चांगल्या समाजातलं कुटुंब हवं.’ किंवा, ‘नवीन बिऱ्हाड आलंय, कोण लोक आहेत कळलं का?’ लिहिणाऱ्याला वाटतं आपण वाद घातलेलाच नाही. खरंच कोणी उत्तरही देत नाही, दोन-चार अंगठे येतात आणि विषय संपतो. पण ज्याचं कुटुंब त्या ‘चांगल्या समाजात’ बसत नाही असं लिहिणाऱ्याला वाटतं, तोही याच ग्रुपवर आहे आणि तोही ते वाचतो. भांडणात निदान त्याला उत्तर देता येतं. इथे उत्तर द्यायचं तर आधी ‘तुम्ही माझ्याबद्दल बोलताय का?’ असं सगळ्यांसमोर विचारावं लागतं. ते कोणी विचारत नाही. ती माणसं ग्रुप म्यूट करतात आणि काही दिवसांनी बाहेर पडतात.

भाजीवाल्याच्या काट्याबद्दल तक्रार असेल तर जरूर लिहा. किलोला शंभर ग्रॅम कमी भरतं, गाडी गेटच्या आडवी लावतो, हे सांगा. अनोळखी माणूस जिन्यात फिरत असेल तर मजला आणि वेळ सांगा, वॉचमनला पाठवू. फ्लॅटची जाहिरात करताना भाडं, डिपॉझिट, किती खोल्या, पाणी किती वेळ येतं, लिफ्ट आहे का, हे लिहा. माणसाची जात-धर्म, नावावरून काढलेला अंदाज आणि ‘आपला-परका’ ही भाषा असलेला मेसेज आम्ही काढू, मग तो कितीही सौम्य शब्दांत असो. यावर आम्हा तिघांचं पूर्ण एकमत आहे.

मेसेज काढण्याची पद्धतही सांगते, म्हणजे त्यात लपवण्यासारखं काही नाही हे कळेल. मेसेज दिसल्यावर आम्ही त्याचा स्क्रीनशॉट घेतो, मग तो ‘सर्वांसाठी’ डिलीट करतो. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही असा काढता येतो, आणि ‘हा मेसेज ॲडमिनने काढला’ असं त्या जागी नावासकट दिसतं. त्यानंतर मेसेज टाकणाऱ्याला फोन जातो. फोनच, मेसेज नाही. लिहिलेल्या शब्दाला सूर नसतो आणि रागावलेला माणूस तो स्वतःच्या सुरात वाचतो. फोनवर मी म्हणते, ‘काका, तुमचा व्हिडिओ काढलाय. नियमात बसत नव्हता. तुमच्याबद्दल काही नाही. उद्या पाण्याच्या टाकीचं बघायला येताय ना?’ दहापैकी नऊ जण ‘बरं बरं’ म्हणतात. मग ग्रुपवर एकच ओळ जाते, आणि ती दर वेळी जशीच्या तशी: ‘एक मेसेज ग्रुपच्या नियमात न बसल्याने काढला आहे. यावर इथे चर्चा नको, ॲडमिनशी फोनवर बोलावे.’ नाव नाही, विषय नाही, समजावणी नाही. ही ओळ प्रत्येक वेळी तीच ठेवण्याचं कारण आहे. शब्द बदलले की लोक तुलना करतात, याच्या वेळी ‘कृपया’ म्हटलं होतं, त्याच्या वेळी नाही.

आमच्यात एक ठरलेलं आहे, जे आजवर बोलून दाखवलं नव्हतं. आम्ही तिघं वेगवेगळ्या घरांतले, वेगवेगळ्या समाजांतले, आणि मतदानही वेगवेगळं करणारे आहोत, हे तुम्हाला ठाऊक आहे. एखाद्या समाजाविरुद्ध मेसेज आला, तर तो ज्या बाजूने आला त्या बाजूचा मानला जाणारा ॲडमिन तो काढतो आणि फोनही तोच करतो. ज्यांच्याविरुद्ध मेसेज आहे त्यांच्यातल्या ॲडमिनवर ते काम आम्ही टाकत नाही. तसं केलं तर नियमाची अंमलबजावणी दिसायच्या ऐवजी दुखावलेल्याने उलट वार केला असं दिसतं. आपल्याच माणसाने सांगितलं की ऐकणाऱ्याला राग येतो, पण शंका येत नाही.

तुमच्याकडून यात एकच मदत हवी आहे. असा मेसेज दिसला तर त्याला उत्तर देऊ नका, समर्थनाचंही नाही आणि विरोधाचंही नाही. रिप्लाय केला की मूळ मेसेजचा तुकडा तुमच्या उत्तराच्या डोक्यावर बसतो, आणि मूळ मेसेज आम्ही काढला तरी तो तुकडा तिथेच राहतो. त्या जुलैच्या रात्री व्हिडिओ काढायला फार वेळ लागला नव्हता, त्याच्याभोवती जमलेली उत्तरं काढण्यात तासभर गेला. चांगल्या हेतूने ‘असे मेसेज टाकू नका’ म्हणणाऱ्यांचीही त्यांत भर होती. त्यापेक्षा आम्हाला तिघांपैकी कोणालाही वेगळा मेसेज करा, अगदी फक्त ‘ग्रुप बघा’ एवढाच. वाद हाताबाहेर गेला तर आम्ही ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ ही सोय सकाळी सातपर्यंत लावू. रात्री भांडण वाढतं आणि सकाळी दूध-पाण्याच्या वेळी निवतं, हा माझा अनुभव आहे.

काही सभासद म्हणतात, ‘मी लिहिलेलं नाही, आलेलं पुढे पाठवलं.’ दुहेरी बाणाचा अर्थ एवढाच की तो मेसेज तुमच्यापर्यंत येण्याआधी पाच किंवा अधिक हातांतून गेला आहे. असा मेसेज २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, म्हणजे तो आपल्याच ग्रुपवर यावा हे तुम्ही बोटाने निवडलेलं असतं. बाण नसला म्हणून मेसेज ताजा किंवा जवळचा ठरत नाही. मजकूर कॉपी करून चिकटवला, किंवा व्हिडिओ सेव्ह करून नव्याने टाकला की बाण जातो. कायद्याच्या नजरेतही ‘फक्त फॉरवर्ड केलं’ हा बचाव पक्का नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका माजी आमदाराच्या प्रकरणात हेच सांगितलं, की मजकूर पुढे पाठवणाऱ्याने त्याची जबाबदारी घेतली पाहिजे. समाजासमाजांत वैर वाढवणाऱ्या मजकुरासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हे मी धाक दाखवण्यासाठी लिहीत नाही. आणि आम्ही स्वतःच्या भीतीपोटी मेसेज काढतो असंही समजू नका. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे, की सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ‘उद्या आम्हाला पोलीस उचलतील’ असं कारण आम्ही कधी देणार नाही. कारण ते नाल्याकाठचं घर आहे.

कोल्हापूरकरांना जून २०२३ विसरता येणार नाही. काही मुलांच्या स्टेटसवरून ७ जूनला बंदची हाक दिली गेली, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, लाठीमार आणि अश्रुधूर झाला, आणि इंटरनेट बंद केलं गेलं. व्यापाऱ्यांच्या दुकानांच्या काचा फुटल्या, रोजंदारीवरच्या माणसांचा रोज बुडाला. स्टेटस ठेवायला एक मिनिट लागलं असेल. त्या दिवशी आपला ग्रुपही मुका होता. कोणाची मुलगी क्लासहून परत यायची होती, कोणाचे वडील दवाखान्यात होते, आणि फोन करून करून माणसं एकमेकांना शोधत होती.

एका प्रकारच्या मेसेजला मात्र ‘कॉलनीशी संबंध आहे का’ ही कसोटी पुरत नाही, कारण तो संबंध असल्याचं सोंग घेऊनच येतो. ‘आपल्या भागात मुलं पळवणारी टोळी फिरतेय’, ‘आज रात्री अमुक वस्तीतून हल्ला होणार आहे.’ यात जागा आहे, वेळ आहे, करायचं कामही सांगितलेलं आहे. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं, ते मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अशाच अफवेवरून. त्यांनी कोणाचंही मूल पळवलं नव्हतं. म्हणून धोक्याच्या बातमीचा नियम वेगळा आणि कडक आहे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तर आधी ११२, मग आम्हाला फोन. ग्रुपवर ते टाकायचं की नाही हे पोलिसांशी बोलून आम्ही ठरवू. ऐकलेलं, आलेलं, ‘एका पोलीस मित्राने सांगितलं’ असं काहीही थेट ग्रुपवर टाकू नका. अशा वेळी आम्ही फोनची वाट न पाहता मेसेज काढू आणि ग्रुप काही वेळ बंद ठेवू. यात कोणाची सवलत नाही, आमच्या घरच्यांचीही नाही.

पुढे काय होणार तेही सांगते. १ तारखेपासून ग्रुप दोन होतील. पहिला ‘सूचना’, ज्यावर फक्त आम्ही तिघं लिहू. पाण्याची वेळ, बंधाऱ्याची पातळी, धरणाचे दरवाजे, वीज, लसीकरण, कचऱ्याची गाडी. त्यातून कोणालाही, काहीही झालं तरी, काढलं जाणार नाही. पुराची सूचना मिळणं हे चांगल्या वागण्याचं बक्षीस असू शकत नाही. नाल्याकाठच्या त्या कुटुंबाशी मी बोलले आहे, ते या ग्रुपवर यायला तयार आहेत. दुसरा ‘आपली कॉलनी’, म्हणजे आताचाच ग्रुप, सगळ्यांसाठी मोकळा. तिथे पहिल्यांदा नियम मोडला तर मेसेज निघेल आणि फोन येईल. दुसऱ्यांदा झालं तर आमच्यापैकी दोघं घरी येऊन बोलू. तिसऱ्यांदा झालं तर त्या ग्रुपमधून १५ दिवस बाहेर, आणि सोळाव्या दिवशी न विचारता परत आत. माफी मागायला लावणं, सगळ्यांसमोर नाव घेणं, असं काही होणार नाही.

काढलेल्या प्रत्येक मेसेजचा स्क्रीनशॉट, तारीख आणि कोणी काढला याची नोंद एका वहीत आहे. एकाच बाजूचे मेसेज काढले जातात अशी ज्यांना शंका आहे, त्यांनी माझ्या घरी येऊन ती वही पाहावी. रविवारी सकाळी दहा ते बारा मी घरीच असते. वहीत खरंच एका बाजूला झुकाव दिसला तर तो आम्हाला दाखवा. आम्हाला आतून तो दिसणार नाही, तुम्हाला दिसेल.

राहता राहिला शेवटचा मुद्दा. राजकारणावर बोलायचंच नाही का, असं दोघा-तिघांनी विचारलं. जरूर बोला. कट्ट्यावर, चहाच्या गाडीवर, स्वतःच्या स्टेटसवर, किंवा ज्यांना हवं त्यांनी मिळून वेगळा ग्रुप काढावा. फक्त त्यासाठी आपल्या ग्रुपच्या यादीतले नंबर परस्पर उचलून कोणाला न विचारता त्यात ओढू नका. तसं झाल्याच्या तक्रारी आल्या आहेत, आणि त्यांत दोन घरं अशी आहेत जिथे फोन फक्त घरातल्या बाईकडे असतो. ज्यांना नको असेल त्यांनी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘गोपनीयता’, मग ‘ग्रुप’ इथे जाऊन ‘माझे संपर्क’ निवडावं. मग अनोळखी माणसाला तुम्हाला परस्पर कुठल्या ग्रुपमध्ये घालता येणार नाही. हे जमत नसेल तर रविवारी फोन घेऊन या, मी करून देते.

आपली,
कॉलनीच्या ग्रुपची एक ॲडमिन, तिघांच्या वतीने
कोल्हापूर